फूटपट्टीबाईंचं उत्तर

समोर सगळे तिला बाई म्हणायचे, पाठ वळली की फूटपट्टी. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या त्या कारखान्यात कर्मचारी विभाग तिच्याकडे होता. कुणाचा निरोप समारंभ असला की केक कापायला सुरी तिच्याच हातात देत, कारण तुकडे एकसारखे पडत. खाताना मात्र तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राही. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, निदान दाखवलं तरी नाही.

तपासणी खोलीतल्या एका बाईने तक्रार दिली तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीवर पहिल्यांदा कुणी येऊन बसलं, तेही भांडायला. तक्रार सरळ होती. ती आणि तिच्या जोडीने काम करणारा तपासनीस, ज्याला सगळे लंबू म्हणत, एकाच श्रेणीत, एकाच टेबलावर, तेच काम करत होते. लंबूने चहा पिताना सहज आपला पगार सांगितला, आणि तो हिच्यापेक्षा बराच जास्त निघाला.

“त्याला जास्त का, एवढंच सांगा,” तपासनीस म्हणाली. “बाकीचं गोड बोलणं नको.”

फूटपट्टीने सांगितलं की दुसऱ्याच्या पगाराबद्दल ती काही बोलू शकत नाही. तपासनीसचा स्वतःचा पगार कसा ठरला ते मात्र पहिल्यापासून तपासून लेखी कळवील. तपासनीस उठताना म्हणाली, तुम्ही साहेबांच्याच पंगतीतल्या, तुमच्याकडून दुसरं काय येणार.

साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या प्रमुखांनी, उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. दोन ओळी लिहा: पगार नियमाप्रमाणे आहे, आणि सहकाऱ्याच्या पगाराची चर्चा केल्याबद्दल समज देण्यात येत आहे. फूटपट्टीने दुसरी ओळ लिहायला नकार दिला. तक्रार केली म्हणून समज द्यायची नसते, असं तिने शांतपणे सांगितलं. साहेबांनी विचारलं, तुमचा पगार कोण देतं हे माहीत आहे ना? तिने चष्मा पुसला आणि आपल्या खोलीत परतली.

तपासताना गाठ सापडली. भरती करताना आधी केलेल्या सारख्या कामाच्या अनुभवाबद्दल सुरुवातीलाच जादा वेतनवाढी देण्याची पद्धत होती. लंबू दुसऱ्या कारखान्यातून आला होता, त्याचा अनुभव धरला गेला. तपासनीस कायम होण्याआधी याच खोलीत, याच मापकांवर, कंत्राटदारामार्फत काम करत होती. तो काळ मात्र कुणी धरलाच नाही; तिचा पगार ठरवणाऱ्या कागदावर सही फूटपट्टीचीच होती. आतलीच आहे म्हटल्यावर तिला अनुभवाचा दाखला कुणी मागितला नव्हता. वर्षानुवर्षं कंत्राटातून कायम झालेल्या सगळ्यांचं असंच होत आलं होतं. नियमात काम सारखं हवं एवढंच होतं. ते कुणाच्या दारात केलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

साहेब हे ऐकून खवळले. हिला दिलं तर उद्या दारात रांग लागेल, ते म्हणाले. “लागू दे,” फूटपट्टी म्हणाली, “रांगेतल्या प्रत्येकाचं तपासू.” अर्धी दुपार वाद झाला. शेवटी साहेबांनी सही केली, पण मागच्या काळाची थकबाकी देण्याचं वाक्य आडवी रेघ मारून काढून टाकलं. वाढ पुढच्या पगारापासून.

तपासनीस खोलीत आली ती तोंड आवळूनच. फूटपट्टीने उत्तर तिच्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं की कंत्राटी काळ धरायला हवा होता, तो धरला गेला नाही ही कारखान्याची चूक आहे. त्याबद्दलच्या वेतनवाढी आता दिल्या जातील. त्यानंतरही काही फरक राहिला तर तो श्रेणीच्या मर्यादेत असेल, आणि इतरांच्या पगाराचा तपशील देता येणार नाही.

तपासनीसने ते दोनदा वाचलं.

“म्हणजे चूक तुमची, आणि मागचे पैसे पाण्यात?”

“ते मी मागितले होते. मिळाले नाहीत.”

“मग हा कागद देऊन माझं तोंड बंद करायचंय?”

“उत्तर मी दिलंय,” फूटपट्टी म्हणाली. “ते पुरेसं आहे, असं त्यात कुठे लिहिलंय का? शेवटचा परिच्छेद वाचा.”

शेवटच्या परिच्छेदात होतं की हा निर्णय मान्य नसल्यास तक्रार निवारण समितीकडे अपील करता येईल. समितीत कामगारांचे प्रतिनिधी होते, आणि साहेबांना तिथे बसता येत नव्हतं. हा परिच्छेद वाचायची तसदी साहेबांनी घेतली नव्हती.

तपासनीसने तो परिच्छेद ओळीवर बोट ठेवून वाचला. आभार वगैरे तिने मानले नाहीत. तुमच्यावर माझा अजून काडीचा विश्वास नाही, एवढं मात्र तिने स्पष्ट सांगितलं. फूटपट्टीने मान हलवली, जणू हिशेबात तेही धरलेलं होतं.

मग तपासनीसने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पेन मागितलं.

“समितीला काय म्हणून लिहायचं?”

“काय झालं ते लिहा,” फूटपट्टी म्हणाली. “माझी चूक आधी लिहा.”