नत्थुजींचं पातळ पुस्तक

अकोल्याच्या जुन्या शहरात कुजबुज होती, की जुनी पुस्तकं विकणाऱ्या गफ्फारचाचांनी जिगरी दोस्त नत्थुजींचा कवितासंग्रह जळफळाटानं रद्दीत घालवला. मोहल्ल्याला चहासोबत तेवढाच चिवडा.

अंथरुणाला खिळलेल्या नत्थुजींना ते पुस्तक एकदा हातात घ्यायचं होतं. घरात एकही प्रत उरली नव्हती, म्हणून चाचाच ते शोधत होते.

घरातली जुनी पुस्तकं काढायला निघालेल्या दर्यापूरच्या किशोरनं पुस्तकांच्या कपाटाचा फोटो पाठवला. "चाचा, पायजे ते सांगा, बाकी रद्दीत देतो."

चाचांनी फोन डावीकडे आडवा केला. पुस्तकांच्या कण्यांवर वरून खाली छापलेली नावं सरळ झाली, उरलेली उलटी दिसली. सरळ दिसली त्यांतलीच त्यांनी निवडली.

काही दिवसांनी मुलगी तहरीमनं तोच फोटो उजवीकडे आडवा करून मोठा केला. एका पातळ कण्यावर खालून वर चढणारं नाव, शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत कवीचं नाव.

"अब्बा, हे नत्थुकाकांचंच न?"

चाचांनी लगेच फोन लावला, तेव्हा किशोर म्हणाला, "त्याचा तं आता लगदा झाला असंन, चाचा."

संध्याकाळी नत्थुजींनी विचारलं, "भेटलं काय रे, गफ्फार?"

"शोधून राहिलो," चाचा म्हणाले.

जळफळाट वगैरे काही नव्हता. चाचांनी फोन दुसऱ्या बाजूला फिरवला नव्हता.