अनारशावरची खसखस

पुलगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या शकुंतलाबाईंना कुणी विसराळू म्हटलं, तर मी भांडायला उठेन. फोनवर ऑर्डर घेऊन त्या परदेशातल्या मुलामुलींना घरचा मसाला, चकल्या, अनारसे पाठवतात. कुठल्या देशात तूप चालत नाही, कुठे बिया चालत नाहीत, सगळं त्यांना तोंडपाठ. आखाती देशांत खसखस म्हणजे अफूचं बी, तिथे सक्त मनाई. म्हणून दुबईच्या मसाल्यात त्या खसखस घालतच नाहीत.

दिवाळीआधी दुबईत नर्स असलेल्या सेलूच्या मेघानं मसाला आणि अनारसे मागवले. शकुंतलाबाईंनी पिशव्या हवा काढून सील केल्या, तारखेची लेबलं लावली आणि वर्ध्याला कुरियरवाल्या राकेशकडे खोकं नेलं. त्यानं वजन केलं, कस्टमसाठी एकेका जिनसात काय आहे ते विचारलं.

"मसाल्यात खसखस तर नाई ना, काकू?"

"दुबईले जाते ना बाबू, कशी घालीन?"

"अन् अनारशात काय घातलं?"

"तांदूळ, गूळ, तूप."

त्यानं तेवढंच लिहिलं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे अनारशात खसखस कुठे घालतात? ती वरून लावतात!

पुढच्या आठवड्यात घरचे अनारसे थापताना त्यांनी पिठाची चकती खसखशीच्या ताटलीवर दाबली आणि हात तिथेच थांबला. मी कढईपाशी होते.

"भावना, मी तिकडच्यालेही लावली न वं," एवढंच म्हणाल्या. मी गॅस बंद केला.

राकेशला फोन लावला. खोकं दुबईला पोचलं होतं, कस्टमनं अडवलं होतं. मेघाला फोन केला, तर तिला आधीच बोलावणं आलं होतं. ती टॅक्सीत होती.

"पोरी, सांग त्यायले, तुले काही माहीत नव्हतं. चूक माही आहे. माहं नाव सांग, पत्ता दे!" शकुंतलाबाई ओरडत होत्या. फोन कट झाला.

मग दिवसभर मेघाचा फोन बंद. मला राकेशचा राग आला, दुबईचा आला, स्वतःचाही आला. शकुंतलाबाईंना मात्र कुणाचाच राग आला नाही. त्या ताटलीसमोर बसून होत्या. सेलूला मेघाच्या आईला काय सांगायचं, हेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

दिवेलागणीला फोन वाजला. मेघाचा आवाज बसला होता.

"काकू, घरी सोडलं. पासपोर्ट ठेवून घेतला. अनारसे तपासाले पाठवले, मग ठरवतीन म्हने."

"मीच तुले बुडवलं वं माय."

"तसं नका म्हनू. तुमच्याजवळ मागतानाच मी म्हनलं होतं ना, आईसारखी भरपूर खसखस लावजा?"

शकुंतलाबाईंनी फोन माझ्या हातात दिला.