कमरेखालचं

घनसावंगीहून आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"गुडघा दुखून राह्यला रे. तुझी बायको पाय कुठं ठेवती तेच दिसंना. बोलती काय, ते तर पंख्याच्या घरघरीत गेलं."

अंकुशनगरला आमच्या घरी बायको योगवर्ग घेते. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी मी मोबाइलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो. आक्कानं बघून केलेला व्हिडिओ मी पुन्हा लावला. वीरभद्रासन चालू होतं, हात छान पसरलेले होते, आणि चित्र कमरेशी संपत होतं. पुढचा गुडघा घोट्याच्या बरोबर वर हवा, हे ती दर वर्गात सांगते, पण इथं ते ऐकू येत नव्हतं.

खोली लहान आहे, एवढंच मावतं, असं मी बायकोला सांगत आलो होतो.

"ओसरी होती ना," ती म्हणाली. "मोबाइल अंगणात ठेवला असता तर?"

मी व्हिडिओ बंद केला.

"लाजता व्हय?"

"लोकांच्या मोबाइलमध्ये तुझं असं सगळं..."

"मला लाज न्हाई वाटत. वन्सं तिकडं गुडघा धरून बसल्यात, त्याची वाटती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उंच स्टूल मांडलं आणि तिच्या कमरेच्या उंचीवर मोबाइल आडवा टेकवला. ओसरीत चटई आडवी घातली, म्हणजे गुडघा बाजूनं दिसेल. तिला हात वर करायला लावले, मग लांब झोपायला. चित्रात पाय कापले गेले. स्टूल आणखी मागं सरकवलं. डोक्यावर, पायांच्या पुढं थोडी मोकळी जागा दिसली, तेव्हा थांबलो. पण इतक्या लांबून तिचा आवाज पार बारीक येत होता, आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत चालले होते. कॉलरला लावायचा छोटा माइक आणलेला होता. तो तिला लावला, तर ओढणीला घासून खरखरू लागला. तिनं ओढणी दुसऱ्या खांद्यावरून घेऊन कमरेशी खोचली. थोडं रेकॉर्ड करून मी इअरफोननं ऐकलं. शब्द न् शब्द कळत होता.

माझं मात्र चित्त ठिकाणावर नव्हतं. एक डोळा मोबाइलवर, एक फाटकावर.

"काय भाऊ, शूटिंग का?" शेजारी फाटकातून म्हणाले. "आमच्या घरच्यांना पण पाठवा."

मी मान हलवली. कान तापले होते. बायको आसनातून हललीही नाही.

व्हिडिओ आधी आक्काला पाठवला. आत्ता करू नको, नुसता बघ, डॉक्टरला गुडघा दाखव, असं बजावलं. दुपारी तिचा फोन आला.

"आत्ता दिसलं बराबर. माझा गुडघा आत पडून राह्यल्ता. बरा झाला की मंग भिंतीला धरून करते."

"चुकलं माझं, आक्का."

"तुझं काय चुकलं? खोलीच लहान तुमची."

म्हणजे बायकोनं तिला खोलीचंच कारण सांगितलं होतं, माझ्या लाजेचं नाही. मी फोन ठेवला. ग्रुप उघडला आणि व्हिडिओ टाकला.