वडिलांनी आणलेला फोटो

लातूरच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत एका दुपारी एक बाप मुलीचा फोटो घेऊन आला. निलंग्याकडचा, एसटीत ड्रायव्हर. सख्ख्या चुलत्यानं त्या शाळकरी मुलीवर अत्याचार केला होता. चुलता अटकेत होता आणि बातमी माझ्या टेबलावर होती.

"फोटो छापा, नावबी छापा. माझ्या लेकीनं काय चोरी केली का तोंड लपवायला?"

मला सोळा आणे पटलं. मी मुळातच तापट, वाटलं, छापावंच. आमच्या वृत्तसंपादक बाईंनी मात्र त्याला बसवलं, पाणी दिलं.

"दादा, चोरी तिची नाहीच. पण अल्पवयीन मुलीचं नाव, चेहरा, शाळा, घरचे, ओळख पटेल असं काहीच कायद्यानं छापता येत नाही. तुम्ही हो म्हणालात तरी नाही. मुभा द्यायची तर न्यायालयच देणार, तेही तिच्या हिताचं असेल तर."

"मग त्याचं तर नाव छापा."

मीही मान डोलावली. बाई म्हणाल्या, "त्याचं नाव वाचून, ही कुणाची पुतणी, हे कळायला कितीसा वेळ लागेल?"

त्यानं हातातल्या फोटोकडं पाहिलं. मग खालमानेनं म्हणाला, "शाळा निलंग्याला हाय. तिथं अजून कुणाला ठावं न्हाई. पोरगी सारखं एकच इचारायलीय, शाळेत जाऊ का म्हणून."

त्यानं फोटो शर्टाच्या खिशात परत ठेवला.

बाईंनी माझ्यापुढची बातमी ओढली. वार्ताहरानं नाव गाळलं होतं, पण 'एसटी चालकाची मुलगी' असं बिनधास्त लिहिलं होतं. बाईंनी ते खोडलं, गाव खोडलं, चुलताही खोडला. उरलं ते चार ओळींत मावलं.

"ही काय बातमी झाली?" मी कुरकुरलो.

"ती शाळेत जाऊ शकेल ना, तेवढं बघ."

ती शाळेत गेली. शिकत राहिली, मैदानावर पळत राहिली. परवा तोच बाप पुन्हा आला, डोक्यावरचे केस पिकलेले. त्याच खिशातून नवा फोटो काढला: लेक धावण्याच्या राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली होती.

"आता तर छापताव न्हवं?"

मी आधी ती जुनी बातमी काढून वाचली. तिच्यात ही मुलगी कुठंच सापडत नव्हती. बाईंचे उपकार मला त्या क्षणी इतके जाणवले की डोळे भरून आले.

मग बातमी मीच लिहिली. नाव, गाव, शाळा, हसरा चेहरा, सगळं घातलं. मथळा दिला: 'एसटी चालकाच्या मुलीची राज्य स्पर्धेसाठी निवड'. बाईंनी तो दोनदा वाचला आणि एकही शब्द खोडला नाही.