आकडे टाकून लिहिलेला निबंध

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि जंगलातल्या गावांत काम करणारी माणसं तयार करायला एक छोटी संस्था शहराबाहेर निघाली होती. विटांच्या चार खोल्या, वर टिनपत्रे, अंगणात मोहाचं एक झाड. दोन वर्षांचं शिक्षण, राहणं-खाणं संस्थेचं, जागा वीस. बारावी झालेलं कोणीही अर्ज करू शकत असे. अर्जासोबत दोन फुलस्केप कागदांत मावेल असा निबंध मागत: तुमचं गाव कसं आहे आणि तुम्हाला इथं का यायचं आहे. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की हे निबंध वाचायला मला बोलवत. पैसे देत नसत, चहा देत. मी जात असे, कारण घरी बसले की मी सगळ्यांशी भांडते.

आम्ही वाचणारे तिघं. मी, संस्थेचे प्रमुख आणि एक निवृत्त रेंजर. पहिलं वाचन माझं, कारण मी वेगात वाचते. मी पंचवीसपैकी गुण देऊन गठ्ठा रेंजरसाहेबांकडे सरकवायची, ते प्रमुखांकडे. शेवटी तिघांच्या गुणांची सरासरी काढून मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरे. दिवसाला चाळीस निबंध वाचावे लागत. असं वाचणारं माणूस कसं वाचतं ते सांगून टाकते: पहिल्या चार ओळींत पाय टेकायला जागा मिळाली तर ते पुढे जातं, नाही मिळाली तर नुसती पानं उलटतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी माजरीच्या खाण कामगाराच्या मुलाचा निबंध आला होता. त्याने एक ते सात आकडे टाकून सात तुकडे लिहिले होते. मी कपाळाला आठ्या घालूनच सुरुवात केली. पण पहिल्याच ओळीत त्याने लिहिलं होतं की वडिलांची रात्रपाळी असते त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, तो आठवडा सांगतो. मग सोमवार, मंगळवार. दुसऱ्या तुकड्यातच कळलं की एक आकडा म्हणजे एक दिवस. प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा होता, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जे सोडलं होतं ते आपण मनातल्या मनात भरू शकत होतो. रविवारी वडील जागे असतात, त्या दिवशी मुलाने त्यांना विचारलं होतं की मी खाणीत येऊ का, आणि वडील उठून बाहेर निघून गेले होते. त्याला इथं का यायचं आहे हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. मी त्याला तेवीस दिले. इतके मी कोणाला देत नाही.

त्याचा परिणाम पुढच्या वर्षी भोगावा लागला. तो मुलगा घरी जाऊन सगळ्यांना सांगत सुटला असणार, कारण या वेळी गठ्ठ्यात आकड्यांचे चौदा निबंध निघाले. बहुतेकांनी नेहमीचाच निबंध लिहून परिच्छेदांच्या डोक्यावर आकडे चिकटवले होते, तहसीलदाराला द्यायच्या अर्जात कलमं असतात तसे. आकडे काढले असते तरी काही बिघडलं नसतं. एकाने प्रत्येक आकड्याखाली नवाच विषय घेतला होता: गाव, धरण, आजोबा, देशप्रेम. त्यांचं एकमेकांशी काय नातं हे त्यालाही ठाऊक नसावं. मी लाल पेन्सिलीने सपासप गुण देत चालले होते.

अकरावा निबंध आलापल्लीकडच्या एका गोंड मुलीचा होता. आश्रमशाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. दोन फुलस्केप कापून केलेली चार अर्धी पानं, टाचणीने टाचलेली. पहिल्या पानावर आकडा होता सत्तेचाळीस. पुढे बारा, एकतीस, नऊ. नवाच्याच पानावर खाली बावन्न, आणि त्याच्यासमोर एकच ओळ: इथं अजून काही झालेलं नाही.

मला वाटलं, मोठ्या वहीतून फाडलेली पानं आहेत आणि टाचताना वरखाली झाली आहेत. माझे वडील शिक्षक होते. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या आधीपासून ते आमच्या वस्तीतल्या मुलांना शिकवत, आणि पानांना क्रमांक नसला की वही परत करत. ती शिस्त माझ्या हाडात आहे. मी टाचणी काढली, पानं चढत्या क्रमाने लावली, नऊ, बारा, एकतीस, सत्तेचाळीस, आणि पुन्हा टाचून वाचायला घेतलं.

काही केल्या ते जुळेना. नवात एक धाकटी बहीण होती, तिच्या अंगात तिला आखूड होणारा फ्रॉक होता. बारात लाकूड घसरून वडिलांचा पाय चेंगरला होता, त्यांना खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं होतं, आणि बहिणी दोन होत्या, पैकी एक तापाने पडलेली. एकतीसमध्ये पुन्हा एकच बहीण पाणी आणत होती. सत्तेचाळीसमध्ये दोन बहिणी नाल्यात डुंबत होत्या. वर्णन चांगलं होतं, पण माणसं येत-जात होती आणि गावाचं नाव कुठेच नव्हतं. मी समासात लिहिलं, पाने गहाळ, मजकूर विस्कळीत. सहा गुण दिले आणि गठ्ठा पुढे सरकवला.

रेंजरसाहेबांनी तो निबंध बराच वेळ हातात धरला. हा माणूस एका निबंधाला दोन मिनिटांवर देत नसे, म्हणून मी वर पाहिलं. ते म्हणाले, "बाई, पानं नाई हरवली. हे कंपार्टमेंटचे नंबर होत."

मग त्यांनी समजावलं. वनखात्याने जंगल कागदावर तुकड्यांत पाडलेलं असतं, त्या तुकड्याला कंपार्टमेंट म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. दरवर्षी वेगळ्या कंपार्टमेंटमध्ये कूप लागतो, म्हणजे ठरलेली सागवानाची तोड निघते. आरा, म्हणजे दोघांनी दोन टोकांना धरून चालवायची करवत, ओढणारे मजूर बायकापोरांसह तिथेच झोपड्या घालतात. दिवाळीनंतर जातात, पावसाच्या तोंडावर उठतात. ही मुलगी आश्रमशाळेतून सुट्टीत घरी येई, तेव्हा घर त्या वर्षीच्या कंपार्टमेंटमध्ये असे. गावाचं नाव नाही, कारण ती कुठल्या गावात राहिलीच नव्हती.

पुढे ते म्हणाले, एक गोष्ट मात्र खटकते, कूप कधी नंबराच्या ओळीने लागत नाही, नऊ मग बारा मग एकतीस असं चालणारं जंगल त्यांनी चाकरीत पाहिलं नाही. आणि त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "असंच टाचलेलं आलं होतं काय?"

मला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. मनात आलंही. मी म्हणाले, नाही, मी बदललं. वर सत्तेचाळीस होतं एवढं आठवतं, बाकीचं नाही.

प्रमुखांचा स्वभाव थंड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की तरीही चूक मुलीचीच आहे. इथं रेंजर बसला आहे हा योगायोग. वाचणाऱ्याकडे किल्ली नसेल तर कुलूप कितीही सुंदर असलं तरी दार उघडत नाही. मुद्दा बरोबर होता. आकडा म्हटला की वाचणारा क्रम समजतो, हा आकडा जागेचा आहे हे लिहिणाऱ्याने सांगायला हवं. रेंजरसाहेब इतकंच म्हणाले की मुलीने लावलेली पानं कोणीच वाचलेली नाहीत, तेव्हा गुण कशाचे. मी समासातली माझी ओळ खोडली, 'पानांचा क्रम मी बदलला' असं लिहून खाली सही केली, आणि तिला मुलाखतीला बोलवायचं ठरलं. सही करताना मला फार राग आला होता. थोडा स्वतःचा, बराचसा तिचा.

ती आली ती बहुतेक आदल्या रात्रीच्या एसटीने, कारण सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पिशवी मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. बारीक, उंच, घाबरलेली नव्हती. मी तिच्यासमोर चारही पानं सुटी ठेवली आणि तिच्या क्रमाने लावायला सांगितली. तिने न थांबता लावली. मग मी पहिल्यांदा तो निबंध वाचला, तिच्यासमोर, मनातल्या मनात.

सत्तेचाळीसमध्ये दोघी बहिणी नाल्यात. बारात वडिलांचा पाय, आणि सगळे सडकेकडे धावलेले असताना झोपडीत तापाने पडलेली सर्वांत धाकटी. एकतीसमध्ये पाणी आणणारी एकच. नवात ती एकटी, अंगात बहिणीचा फ्रॉक. धाकटी गेली असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बारा आणि एकतीसच्या मधल्या कोऱ्या जागेत ती गेली होती, आणि ती जागा मी टाचणी काढून पुसून टाकली होती. मला रडू आलं. मी चष्मा पुसला.

प्रमुखांनी बावन्नचं विचारलं. येत्या दिवाळीनंतरचा कूप बावन्नात आहे, ती म्हणाली. बापाचा पाय चालत नाही, आऱ्याचं दुसरं टोक आता तिला धरावं लागणार. इथं घेतलं तर मामा धरेल, तसं बोलून ठेवलं आहे.

मी जरा कडक आवाजात विचारलं की एवढं सगळं मनात होतं तर हे कंपार्टमेंटचे नंबर आहेत अशी एक ओळ वर लिहायला काय झालं होतं. तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "जंगलातल्या लोकायसाठी संस्था हाय म्हणून लिहून आलं होतं ना बाई. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

मी तिला पेन दिलं आणि म्हटलं, आता लिही ती ओळ. तिने सत्तेचाळीसच्या वर बारीक अक्षरात लिहिलं: मी जिथं जिथं राहिली त्या जागेचे हे नंबर आहेत, जशी राहिली तसे लिहिले. एवढी एक ओळ, आणि मग तो निबंध माजरीवाल्यापेक्षा सरस होता. मी चोवीस दिले.

तिला घेतलं. रेंजरसाहेबांनी तिला तिथेच सांगून टाकलं, आधी तिचे आकडे कोणाला कळले आणि कोणाला नाही तेही; तसा नियम नव्हता. ती हसली, पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बाई," ती म्हणाली, "माह्या वेळी हे रेंजरभाऊ बसले होते म्हणून समजलं. बाकीच्यायचं कोण सांगते?"

ती गेल्यावर मी उरलेले तेरा निबंध पुन्हा काढले आणि या वेळी सावकाश वाचले. त्यांतला एकही तसा नव्हता. ते खरोखरच सुमार होते, माझे गुण बरोबर होते. मग मी प्रमुखांना आदल्या वर्षीचा गठ्ठा मागितला. त्यांनी सांगितलं की निवड झाली की न घेतलेले निबंध संस्थेत ठेवत नाहीत, पावसाच्या आधी मागच्या अंगणात जाळतात. जाळायला आदल्या वर्षी मीच उभी होते. टाचण्या वाया जाऊ नयेत म्हणून एकेक निबंध सुटा करून मी आगीत टाकला होता, आणि त्यांतला एकही सावकाश वाचला नव्हता.