मुळापासून चार बोटं खाली

बाजाराच्या वळणावर दोन खुर्च्यांचे एक लहानसे पार्लर आहे. तेथे एक प्रौढा कित्येक वर्षे उभ्याने आपले व्रत आचरीत आली आहे. तिचे मूळ नाव लोकांच्या स्मरणातून केव्हाच ओसरले. सर्वांच्या मुखी ती ‘फॉइलबाई’. शेपटीसारख्या दांडीच्या कंगव्याने एकाआड एक बारीक बटांची विरळ वीण उचलावी, खाली चंदेरी कागद सरकवावा, टाळूच्या अगदी निकट ब्लीच लावून घडी मिटावी, हे कर्म तिच्या हातून मंत्रोच्चारासारखे अस्खलित घडते. कागदात ऊब आणि ओल टिकून राहते. म्हणून काळ्याभोर केसांतूनही मुळापासून टोकापर्यंत निर्मळ उजळ रेघा निघतात. दर दोन महिन्यांनी मुळे पुन्हा उजळून घेणाऱ्या स्त्रियांना तिच्यावाचून दुसरे दैवत नाही.

तिची बालमैत्रीण मात्र मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण होती. हुकूम सोडण्याची तिची ढब पाहून सारे तिला ‘कप्तानीण’ म्हणत. एके सकाळी ती पार्लरात शिरली ती कमरेवर हात ठेवूनच.

“बघ, बघ तुझी करामत! सबंध सफर डोक्यावर पट्टा घेऊन फिरले. वर काळं, खाली सोनेरी! जहाजावरची पोरं विचारत होती, काकू, रस्ता इथूनच ओलांडायचा का?”

“मग मध्ये येऊन मुळं करून घ्यायचीस ना!”

“समुद्रातून पोहत येऊ? उद्या परत निघतेय. या खेपेलाही तसंच झालं, तर तुझ्या खुर्चीला रामराम. मैत्री राहील, केस नाहीत.”

फॉइलबाई हसली खरी, परंतु हातातील कंगवा तिने नकळत खाली ठेवला. ही खुर्ची मांडली त्या दिवशी तिच्यावर पहिल्यांदा बसली होती ती हीच मैत्रीण.

शेजारच्या खुर्चीवर टोके कापून घेत बसलेल्या शिक्षिकाबाईंनी तोंड घातले, “ओम्ब्रे करा की! वर गडद, खाली हळूहळू फिका. मुळांची कटकटच नाही.”

“पण बाई, तुमचा ओम्ब्रे आत्ता जमिनीवर पडतोय,” त्यांची टोके कापणारी फॉइलबाईची सून म्हणाली. “सगळा उजेड टोकांनाच असतो ना. मावशी तर जहाजावर स्वतःच कात्री चालवतात. चार महिन्यांत रंग समुद्रार्पण!”

शिक्षिकाबाईंनी खाली पाहिले आणि त्या स्वतःच खो-खो हसल्या.

“आई, बालायाज करू या,” सून पुढे म्हणाली. “कागद नाही, ब्रशने मोकळ्या केसांवरच रंगवायचं. मुळं सोडून द्यायची. वाढले तरी रेघ दिसत नाही.”

“आणि उघड्यावर ब्लीच वाळून बसलं म्हणजे? कागदाइतकं उजळणार नाही ते.”

“नाही उजळणार. मधासारखा रंग येईल. पण टिकेल.”

कप्तानिणीने निर्णय दिला, “तेच कर. पण ब्रश सूनबाईच्या हातात नको. तुझ्याच हातात हवा.”

सुनेने दाट कालवलेले ब्लीच पुढे केले. जुना पट्टा ज्या बटांवर होता, त्याच बटांचा काळा भाग खालच्या सोनेरी रंगात मिसळायचा होता. फॉइलबाईने पहिली बट उचलली आणि ब्रश सरळ मुळाशी नेला! आयुष्यभर ज्या हाताने ‘आणखी वर, आणखी वर’ एवढाच धडा गिरवला, त्याला थांबणे कोण शिकविणार?

“आई!”

“अगं बाई!” तिने तत्क्षणी ओल्या फडक्याने ते पुसून काढले.

“काय झालं? टक्कल पडलं का?” कप्तानीण ओरडली.

“गप्प बस, हलू नकोस!”

मग फॉइलबाईने एक युक्ती केली. डाव्या हाताची चार बोटे तिने मुळाशी आडवी ठेवली; उजव्या हाताला जणू उंबरठाच घातला. त्याखाली बटेच्या पृष्ठभागावर ब्रश फिरू लागला: टोकांकडे भरगच्च, वर येता येता जवळजवळ कोरडा. प्रत्येक बटेचा आरंभ तिने किंचित वरखाली ठेवला, जेणेकरून आडवी रेषा जुळूच नये. कानशिलाजवळच्या रुपेरी केसांपाशी मात्र ती थबकली.

“इथे मला कागद दे,” ती सुनेला म्हणाली. “मुळं सोडली तर हे पांढरे केस तसेच उठून दिसतील. आजूबाजूच्या काळ्या केसांतून अगदी बारीक वीण घेते, चार-पाचच. उजळल्या की त्या रेघा पांढऱ्यात मिसळून जातील.”

सुनेने कागद दिला, आणि ती वीण लक्षपूर्वक पाहत राहिली.

जहाज पुष्कळ महिन्यांनी परतले. कप्तानीण खुर्चीत येऊन बसली तेव्हा फॉइलबाईने उजेडाकडे तिची मान वळवून एकेक बट तपासली. केस चांगलेच वाढले होते. काळोख कोठे संपतो आणि उजेड कोठे लागतो, ते काही केल्या हाती लागेना.

“काय शोधतेयस एवढं? उवा नाहीत माझ्या डोक्यात!”

“मी सुरुवात कुठून केली होती, ते बघतेय.”

“तुलाच सापडेना?”

“उन्हाने जरा पिवळटलेत. टोनर लावून पिवळेपणा उतरवला की झालं. बाकी हात लावायची गरज नाही.”

“म्हणजे मी आलेच कशाला?”

“चहा प्यायला,” फॉइलबाई म्हणाली, आणि टोनर कालवायला वळली.