नॉरिसचा साडेचारचा आकडा

रॉचडेलमधल्या एका लहान बेटिंग कंपनीत नॉरिस थ्रेलफॉल एकोणीस वर्षं फुटबॉलमधल्या कॉर्नर किकांचे आणि पंच दाखवतो त्या पिवळ्या-लाल कार्डांचे भाव काढत होता. जिंकणं-हरणं बाकीच्यांकडे, हा उरलासुरला माल त्याच्याकडे. पण त्याला त्याची माया होती. कॉर्नर सहसा एकटा येत नाही, एक आला की त्याच्या पाठीला दुसरा, आणि मग अर्धा तास सगळं सुनं, हे तो शेतातल्या पाखरांबद्दल बोलावं तसं सांगे.

शुक्रवारी दुपारी बातमी आली. उद्याच्या सामन्याचा पंच आजारी पडला होता आणि त्याच्या जागी कार्डासाठी हात सारखा खिशाकडे नेणारा, कडक पंच येणार होता. नॉरिसने कार्डांचा आकडा साडेतीनवरून साडेचारवर नेला; कार्डं या आकड्याच्या वर निघतील की खाली, यावर लोक पैसे लावत.

सहा महिन्यांपूर्वी आलेली साहेबीण कर्स्टी त्याच्या टेबलापाशी आली. "नॉरिस, पाच कंपन्या साडेतीनवर आहेत. तुम्ही एकटेच शहाणे का?"

"त्या पाचांनी गुरुवारी माझाच आकडा उचललाय, बाई. माझेच पाच फोटो मला दाखवून काय उपयोग?"

"बाजार चुकत नाही."

"जिंकण्या-हरण्यावर लाखो पौंड येतात. भाव चुकला की जाणती माणसं पाच मिनिटांत तो ठोकून सरळ करतात. कार्डांवर येतात किती? मोठी पैज आपण घेतच नाही. इथं चुकीचा भाव आठवडाभर सुखानं नांदतो."

शेजारचा डेस हसला. "म्हाताऱ्या, शिट्टीही तूच वाजव की उद्या!"

कर्स्टी जाता जाता म्हणाली, "ठेवा साडेचार. पण आता आपण कार्डांचे भाव बाहेरून विकत घ्यायचे की नाही, ते उद्या ठरेल."

"एका सामन्यावर? बाई, शंभर सामने बघा, मग ठरवा."

"शंभर सामने थांबायला मालक तयार नाहीत."

शनिवारी चौदाव्या मिनिटाला गोल झाला, अर्ध्या तासात तीन, तिन्ही एकाच संघाचे. सामन्यातला जीवच गेला. हरणाऱ्यांना भांडायचाही कंटाळा आला होता. कडक पंचाला खिशाकडे हात न्यायचं कारणच फारसं मिळालं नाही. कार्डं निघाली दोन. कार्डं कमी निघतील म्हणणारे सगळे, इतरांपेक्षा एका कार्डाची सूट मिळते म्हणून, साडेचारच्या खाली पैसे लावायला नॉरिसकडेच आले होते, आणि सगळे जिंकले.

सोमवारी कर्स्टी आवाज न चढवता म्हणाली, "बघितलंत?"

काय बघायचं होतं? दोन कार्डांनी भाव खोटा ठरत नाही, सहा निघाली असती तरी खरा ठरला नसता. पण हे सांगायला शंभर सामने लागतात, आणि त्याची नोकरी गेली होती; हातात फक्त एक खोका होता, आपल्या वह्या भरून घरी न्यायला.

पुढच्या गुरुवारी तो घरी चहा घेऊन फोन बघत बसला. सकाळी दहाला, जेव्हा त्याचे आकडे लागत, कार्डांची जागा रिकामी होती. अकराला रिकामी. बारालाही. त्या पाच आणि त्याची जुनी, अशा सहाही कंपन्या एकमेकींचं तोंड बघत थांबल्या होत्या. एक वाजता कुणीतरी साडेतीन टाकला, आणि दोन मिनिटांत सगळीकडे साडेतीन.

त्याने आपल्या वहीत या सामन्याच्या पंचाचं नाव पाहिलं, क्वचितच कार्ड काढणारा माणूस. अडीच हवा होता. त्याने फोन उलटा ठेवला. सांगायला कुणी नव्हतं.